'दीयते'चा सौदा

कुरखेड्याच्या गुरुजींनी मला, एका बांबूच्या ठेकेदाराला, संस्कृत शिकवलं. पण त्यांच्या घराण्याची पोथी ते उतरवून घेऊ देत नसत. कारण शेवटच्या श्लोकात 'ज्ञानं न दीयते' होतं. वाळवी रोज एकेक पान खात होती. अखेर ते म्हणाले, "चंद्रपूरचे शास्त्री याचा जो अर्थ सांगतील तो मानीन."

मी शास्त्रींना पत्र लिहिलं. दोन उलगडे मांडले. 'दीयते' हे 'दा' धातूचं कर्मणी रूप मानलं, तर ज्ञान दिलं जात नाही. चौथ्या गणातल्या, क्षीण होणं या अर्थाच्या 'दी' धातूचं मानलं, तर ज्ञान क्षीण होत नाही. मला हवा होता दुसरा. पण जंगलाच्या लिलावात आपल्याला कोणता माल हवा ते आपण कधी दाखवत नाही. म्हणून पहिल्याचीच बाजू जोरात मांडली आणि दुसरा एका ओळीत उरकला. विद्वान माणूस मला खोडून काढायला दुसराच उचलेल, असा माझा हिशेब.

उत्तर आलं: "तुमचा पहिला उलगडा पटला."

मी भडकलो, गुरुजींसमोर शास्त्रींना नाही नाही ते बोललो.

गुरुजी पोथी बांधत म्हणाले, "तुझंच म्हणणं त्यायनं मानलं. मग आता चिडून काऊन राह्यला?"

त्याच वर्षी गुरुजी गेले. रीतीप्रमाणे घरच्यांनी पोथी अस्थींबरोबर वैनगंगेत सोडली. मी काठावर उभा होतो. माझ्याकडे तेवढे तीन शब्दच उरले आहेत.