बंद दुकानाचं कोटेशन

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी क्लार्क होते. महाडहून रोज एसटीने जायचे. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नसे. एकदा बाळंतपण चालू असताना ती गेली आणि सिस्टरांनी मोबाइलच्या उजेडात नाळ कापली. त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी ठरवलं की प्रसूतिगृहाला इन्व्हर्टर हवाच. रुग्ण कल्याण समितीकडे पैसे होते. अडचण एकच, नियमाप्रमाणे निदान तीन दुकानांची कोटेशनं लागत होती.

दुसऱ्याच दिवशी महाडचा एक सप्लायर हजर झाला. याला मी आधीपासून ओळखत होते. सरकारी ऑफिसात शिरताना हा माणूस चपला बाहेर काढायचा, देवळात आल्यासारखा. डॉक्टर वयाने त्याच्या मुलाएवढे, तरी त्यांना वाकून नमस्कार करायचा. त्याने बॅगेतून तीन कोटेशनं काढली आणि माझ्या टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडली. एक त्याच्या दुकानाचं, दोन दुसऱ्या दुकानांच्या लेटरहेडवर. तिन्हींत ‘इन्व्हर्टर’ हा शब्द ‘इन्हर्टर’ असाच टाइप केलेला. दर अर्थातच त्याचाच सर्वांत कमी.

“मॅडम, तुमचा त्रास वाचवला,” तो म्हणाला. “तारखा तेवढ्या तुम्ही टाका.”

मी कागद बाजूला सारले आणि त्याला जायला सांगितलं. त्याने डॉक्टरांच्या खोलीत जाऊन चहा घेतला आणि मगच गेला.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इन्व्हर्टर लागतो, माणूस द्यायला तयार आहे, बाकी सगळी औपचारिकता. त्याची कोटेशनं नको असतील तर मीच कॉम्प्युटरवर दोन तयार करावीत, सगळीकडे असंच चालतं. ‘सगळीकडे’ म्हणताना त्यांनी हात असा फिरवला, जणू रायगड जिल्हा त्यांच्या खिडकीतून दिसत होता.

मी नाही म्हटलं. ते चिडले.

“मग बायकांना अंधारात ठेवायचं का?”

“नाही, डॉक्टर. आठवड्याभरात खरी कोटेशनं आणते,” मी म्हटलं. “ज्या दुकानदाराने दर दिलाच नाही, त्याच्या नावावर दर लिहिणं म्हणजे त्याची खोटी सही करणं. आणि समितीची माणसं त्या कागदावर विश्वास ठेवून सही करतील. दर पडताळून पाहिले असं ती लिहून देतील, आणि पडताळायला तिथे काहीच नसेल.”

शिकलेल्या, एमबीबीएस माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचाच मला जास्त राग आला. नाडी न बघता केसपेपरवर ठोके लिहिले तर चालेल का, असं विचारावंसं वाटलं. त्यांनी आठवडा दिला, तोही मेहरबानी केल्यासारखा. तोवर मी शेजारच्या केंद्रातून चार्जिंगचे दोन दिवे मागून आणले.

मग आधी सिस्टर आणि वायरमन यांच्याशी बसून आम्हाला नेमकं काय हवं ते लिहून काढलं. किती दिवे, किती पंखे, बाळाला ऊब देणारं यंत्र यावर चालणार की नाही, वीज गेल्यावर किती वेळ टिकायला हवं, बॅटरीची वॉरंटी, वायरिंग आणि जोडणी धरून दर, कर धरून दर, बिघाड झाला तर डोंगरात येणार कोण. कंपनीचं नाव मुद्दाम कुठेच घातलं नाही. नाव घातलं की एकाच दुकानाची सोय होते. तो एकच कागद, एकच शेवटची तारीख, आणि उत्तर बंद पाकिटात, दुकानाची सही, शिक्का, जीएसटी नंबर आणि दर किती दिवस कायम राहील ते लिहून. डॉक्टरांनी त्यावर न वाचता सही केली.

तो कागद पोलादपूरला हायवेवरच्या एका दुकानात दिला, माणगावच्या एकाला पाठवला, महाडमध्ये दोघांकडे स्वतः गेले. सप्लायरलाही दिला. त्याला वगळण्याचं कारण नव्हतं, दर द्यायचा हक्क त्यालाही होता. प्रत्येकाकडून पोच घेतली.

महाडात असताना त्या दोन लेटरहेडांवरचे पत्तेही शोधले. एक दुकान सप्लायरच्या मेव्हण्याचं निघालं. दुकान खरं, पण दोघांचा धंदा एकच, दर एकाच डोक्यातून निघालेले. असं कोटेशन खऱ्या शिक्क्याचं असलं तरी स्पर्धेचं नसतं. दुसऱ्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा होता. त्याने आधीच्या मालकाचा नंबर दिला. तो नाते गावचा, महाडच्या पुरानंतर दुकान मोडून गावी बसलेला. फोनवर मी त्याला त्याच्या नावाचं कोटेशन वाचून दाखवलं.

त्याने आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, “दुकान गेलं, माल गेला, आणि लेटरहेड तेवढं राहिलं म्हणायचं. मी कुणाला काय दिलेलं नाय, ताई.” आणि थोड्या वेळाने, “माझा दर त्याच्यापेक्षा महाग दाखवलाय ना? मी कधीच महाग नव्हतो.”

त्याला नाव वापरल्याचं दुःख होतंच, पण महाग दाखवल्याचं जास्त होतं. त्या सप्लायरबद्दल मला तोवर फक्त किळस होती. त्या फोननंतर ती पक्की झाली.

पोलादपूरचा दुकानदार कोटेशन द्यायला तयार नव्हता. त्याचा अनुभव असा की ऑफिसवाले कागद नेतात, ऑर्डर ठरलेल्या माणसाला जाते आणि याचा कागद फाइलची शोभा वाढवतो. मला त्याचा राग आला नाही. खोटी कोटेशनं करून करून आम्हीच खरे दुकानदार पळवले होते. मी त्याला सांगितलं की पाकिटं समितीसमोर फुटतील, हवं तर स्वतः येऊन बसा. बरेच आढेवेढे घेऊन त्याने पाकीट दिलं.

माणगावहून काहीच आलं नाही. तशी नोंद केली. उरलेल्या चौघांची पाकिटं आली. समितीच्या बैठकीत ती फोडली, प्रत्येकावर सदस्यांच्या सह्या घेतल्या आणि मी तुलनात्मक तक्ता मांडला. सप्लायरचा आकडा सर्वांत कमी होता, आणि पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर मांडलेल्या त्याच्या स्वतःच्या ‘सर्वांत कमी’ आकड्यापेक्षाही बराच खाली. पण त्यात वायरिंगही नव्हतं आणि जोडणीही नव्हती. त्यांचे पैसे नंतर वेगळे लावायची त्याची पद्धत. मागितलेलं सगळं पुरवणाऱ्यांत सर्वांत कमी दर पोलादपूरवाल्याचा होता. ऑर्डर त्याला गेली.

त्याआधी ते लेटरहेड आणि फोनवरचं बोलणं मी डॉक्टरांना लेखी दिलं होतं. त्यांनी ते जिल्ह्याला पाठवलं, थोडे पांढरे पडून. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. सप्लायर मला नंतर महाडच्या स्टँडवर भेटला, बॅग तीच. “मॅडम, एवढ्याशा खरेदीला फार कष्ट घेतलेत,” असं हसून म्हणाला. मी एसटीत चढले.

इन्व्हर्टर बसला. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी सदस्यांना अभिमानाने सांगितलं की आमच्या केंद्रात खरेदी नियमानेच होते. बोलले ते खरं होतं, म्हणून मी ते जसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलं.