कट्ट्यावरची सूचना

तेव्हा मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घर कोरेगावला, राहायला सांगलीत मावशीकडे. क्लासमध्ये पाच मशीन होती आणि फोनची एकच लाइन. त्या एका लाइनवर पाचही मशीनना इंटरनेट मिळायचं, म्हणजे मिळालं तर मिळायचं. शेजारच्या ऑफिसात कुणी त्याच लाइनवरचा जोडफोन उचलला की सगळं तुटायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातारा-सांगलीची पोरं परदेशी जायला लागली होती. त्यातल्याच एकानं इंटरनेटवर गप्पांची एक खोली उघडली होती. तो मूळचा वाईचा, अमेरिकेत नोकरीला. त्या खोलीला आम्ही सगळे कट्टाच म्हणायचो. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. आमच्याकडे सकाळ असायची तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. आपल्या माघारी खोलीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानं मला ऑपरेटर केलं. म्हणजे माझ्या नावापुढे एक चिन्ह आलं आणि कुणाला गप्प करायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे माझ्या हातात आलं. मी चोवीस वर्षांची होते. मला जरा मिरवल्यासारखंच वाटलं.

मग एका सकाळी कट्ट्यावर विनोद चालले होते, आणि मध्येच इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक ओळ आली. पलूसकडच्या एका गावातले निवृत्त हेडमास्तर काल सकाळी वारले, दुपारी अंत्यविधी झाला. बस, एवढंच. लिहिणारा कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते हेडमास्तर कट्ट्यावरच्या मस्कतच्या एका मुलाचे सख्खे मामा होते. त्याला घरून कुणी कळवलं नव्हतं. त्याची आई संध्याकाळी फोनवर स्वतः सांगणार होती. तो काहीच न लिहिता निघून गेला आणि दोन दिवसांनी अमेरिकेतल्या मालकाला त्याचं रागाचं पत्र आलं. मालक हा माझा शब्द. तो स्वतःला तसं म्हणवून घेत नसे.

"आपल्याला नियम लागणार," त्यानं मला खासगी खिडकीत लिहिलं. "तू मराठीत सूचना तयार कर. कट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दिसेल अशी व्यवस्था मी करतो."

मी तीन दिवस ती सूचना लिहीत होते. गावाकडच्या गप्पा, सणवार, नोकरीची चौकशी, कोण कधी भारतात येणार, कुणाबरोबर पार्सल पाठवता येईल, हे सगळं चालेल. जाहिराती नकोत, शिव्या नकोत. सगळी ओळ मोठ्या अक्षरांत लिहायची नाही, कारण ते ओरडल्यासारखं दिसतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा टाकायची नाही. एकदा ताकीद मिळेल, नंतर तासभर बोलणं बंद केलं जाईल, तरीही ऐकलं नाही तर बाहेर. तक्रार कट्ट्यावर मांडायची नाही, ती ई-मेलनं पाठवायची. पत्ता खाली दिला आहे, दोघं ऑपरेटर वाचतील आणि दोन दिवसांत उत्तर देतील.

आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते वाक्य माझ्या हातून लिहवेना. रोज सकाळी माणसं गप्पा मारायला येतात, त्यांच्यासमोर आल्या आल्या 'मृत्यू' हा शब्द कसा ठेवायचा? मी लिहिलं, 'कोणाच्याही घरच्या खासगी बातम्या कट्ट्यावर देऊ नयेत.' मालकानं वाचलं आणि छान म्हणाला.

सूचना लागली. पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका शनिवारी सकाळी क्लासची पोरं कट्ट्यावर होती, आणि एकदम गलका झाला.

"मॅडम, लिहिता येईना!"

"माझंपण जाईना, मॅडम."

मी माझ्या मशीनवर लिहून पाहिलं. माझं जात होतं. मला काहीच समजेना. लाइन चालू, बाकीच्यांच्या ओळी सगळ्यांना दिसताहेत, पण माझी पोरं लिहायला गेली की 'या खोलीत संदेश पाठवता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटायची. मी एकेका मशीनपाशी जात शेवटच्या खुर्चीशी पोचले. तिथं आबा बसले होते.

आबांची ओळख फार नव्हती. लष्करातून निवृत्त झालेले, गाव पलूस तालुक्यात, सांगलीत मुलीकडे राहायला. आठवड्यातून दोनदा यायचे, नातू दुबईला होता म्हणून. कुणीतरी विद्यार्थी त्यांना जोडून द्यायचा, सुचेल ते टोपणनाव घालून. ते एका बोटानं एन्टर दाबत होते, आणि त्यांच्या पडद्यावर तीच एक ओळ सात-आठ वेळा होती. मोठ्या अक्षरांत.

"आवं बाई, ह्यात काय लिवलंय बगा जरा," ते म्हणाले. "पैलं तीन डाव गेलं. आता कायबी केलं तरी जाईना."

मी ओळ वाचली. सांगलीत अनेक वर्षं गाणं शिकवणाऱ्या एका बाई गुरुवारी वारल्या होत्या. ती बातमी मीही सकाळी पेपरात वाचली होती आणि नियम आठवून गप्प बसले होते.

मग उलगडा झाला. मालकानं तिकडून त्यांचं बोलणं बंद केलं होतं. टोपणनाव दर वेळी वेगळं, म्हणून त्यानं नावावर नाही, ओळ ज्या कनेक्शनवरून येत होती त्याच्या पत्त्यावर बंदी घातली. आणि आमच्या पाचही मशीनचा पत्ता बाहेरून एकच दिसायचा. आबांबरोबर माझा सगळा वर्ग मुका झाला होता. मी ऑपरेटर असल्यानं मला बंदी लागत नव्हती, एवढंच. हेडमास्तरांची ती ओळही यांचीच, तशीच मोठ्या अक्षरांतली. ज्या माणसामुळे आम्ही सूचना लिहिली, तो आठवड्यातून दोनदा माझ्याच क्लासच्या शेवटच्या खुर्चीवर बसत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आबा, मोठ्या अक्षरांत लिहायचं नसतं," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"का? मी सिग्नलमधी होतो. संदेश मोठ्या अक्षरातच असतो. वाचणाऱ्याची चूक होत न्हाई."

"आणि तेच पुन्हा टाकायचं नसतं."

"पलीकडनं कुणी 'मिळालं' म्हणलं न्हाई तर पुन्हा धाडायचं असतं."

मी त्यांना सूचना वाचून दाखवली. खासगी बातम्यांच्या ओळीपाशी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"मयत म्हंजी खासगी व्हय? लग्नाला बोलावणं लागतं. मयतीला सगळा गाव आपणहून येतो. ह्याच्यापरीस उघडी गोष्ट कंची हाय?"

मस्कतच्या मुलाचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी एन्टरवरचं बोट काढून घेतलं. "हे मला म्हाईत न्हवतं," ते म्हणाले. "कुणीतरी सांगायचं हुतं." मग त्यांनी विचारलं, "तक्रार कुठं करायची लिवलंय?"

"ई-मेलनं."

"माझ्याकडं ते न्हाई."

त्यांनी माझ्या वहीचं मागचं कोरं पान मागून घेतलं आणि सविनय अर्ज लिहिला. काय लिहिल्यामुळे तोंड बंद केलं ते स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि नियम समजला नाही तर शिक्षा लागू होते का, एवढाच प्रश्न. मी तो टाइप केला आणि तक्रारीच्या पत्त्यावर पाठवला. तो मालकाला गेला आणि मलाही आला. नियम माझा, तक्रार टाइप केलेली माझी, आणि दोन दिवसांत उत्तर द्यायचं तेही मीच.

मालकाचं म्हणणं होतं की नियम तो नियम. आबांना समज द्यावी आणि विषय संपवावा. बंदी त्यानं उठवली, क्लासमधली पोरं बोलायला लागली. पण आबा पुढच्या मंगळवारी आले नाहीत.

महिन्याभरानं तक्रारीच्या पत्त्यावर आणखी एक पत्र आलं. सांगलीची मुलगी, लग्न होऊन लंडनला गेलेली. कट्ट्यावर रोज असायची. तिनं लिहिलं होतं: 'ज्यांच्याकडे मी नऊ वर्षं गाणं शिकले त्या बाई गेल्या, हे मला आज आईच्या पत्रातून कळलं. महिना झाला. या महिन्यात मी रोज तुमच्याशी बोलले. सांगलीतल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही का? की सांगायचं नाही असा नियम आहे? मला तर सूचनेत तसं कुठं दिसलं नाही.'

आबांच्या ओळी तीनदा उमटल्या तेव्हा लंडनला पहाट होती, ती कट्ट्यावर नव्हती. पण मी नंतर होते. रोज होते. तिच्याशी मी श्रीखंडावर बोलले होते.

मस्कतच्या मुलाचं पत्र आणि हिचं पत्र मी छापून शेजारी शेजारी ठेवली. एक म्हणत होता, का सांगितलं. दुसरी म्हणत होती, का नाही सांगितलं. मावशीला विचारलं. ती भाकरी थापत होती. "दोघांचंही बरोबर आहे," ती म्हणाली, "तू जेवून घे."

मालकाशी मी पहिल्यांदाच भांडले, खासगी खिडकीत, दोन सकाळी. शेवटी सूचना बदलली. या वेळी मी सरळ लिहिलं: 'मृत्यूची किंवा गंभीर आजाराची बातमी थेट कट्ट्यावर देऊ नये. ती ऑपरेटरला खासगीत कळवावी. ऑपरेटर संबंधितांना आधी एकेकट्याला सांगतील आणि दोन दिवसांनी ती सर्वांसाठी देतील.' लिहून झाल्यावर लक्षात आलं, की सांगली-साताऱ्याच्या बाजूचा ऑपरेटर म्हणजे मीच.

नवी सूचना छापून मी आबांच्या मुलीच्या घरी गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"म्हंजी मयत आता तुझ्याकडं कळवायची," ते म्हणाले. बाई म्हणायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. "आणि तू सांगणार. जमंल का, पोरी?"

"माहीत नाही, आबा."

"मला तरी कुठं जमलं," ते म्हणाले.

ते पुन्हा यायला लागले. कट्ट्यावर आता पाऊसपाण्याचं आणि उसाचं लिहायचे, आणि बाकीची बातमी चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. पहिली चिठ्ठी आली ती सिंगापूरच्या एका मुलाचा इकडचा मित्र गेल्याची. एकाच वर्गातले दोघे, अपघात झालेला. मी खासगी खिडकी उघडली. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. मग आबांसारखंच लिहिलं, कोण, कुठं, कधी, फक्त लहान अक्षरांत.

त्यानं उत्तर दिलं, 'थांब.'

मी थांबले. त्याचं नाव यादीत दिसत होतं. तो काही लिहीत नव्हता. मी काही लिहावं की न लिहावं, खिडकी बंद केली तर त्याला वाईट वाटेल की सुटल्यासारखं, मला कळेना. वर्गातली पोरं प्रश्न विचारायला येऊन उभी राहिली, त्यांना हातानंच बसा म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं तशी गेली. मग शेजारी कुणीतरी फोन उचलला आणि लाइन तुटली. पुन्हा जोडून येईपर्यंत तो गेला होता.

तो रागावला असेल असं मी दिवसभर धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कट्ट्यावर आला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मला खासगीत विचारलं, "तिकडं द्राक्षं आली का गं यंदाची?"

मी सांगितलं, आली आहेत, पण अजून आंबट आहेत.