जागा भरली असं समजतो

औषधाची बाटली असो की शाम्पूची, झाकण दोनदा फिरवून बघणार. दुकानात रांगेत उभा असताना दुसऱ्याच्या टोपलीतल्या डब्याचा पोचा दाखवून देणार. फोनवरची मुलाखत असली तरी शर्टाला इस्त्री करणार, बूट घालणार. मोजे मात्र घरातलेच.

हा आमचा दादा. शेजारी राहतो. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीस होता. कारखाना बंद पडला. मग एका मोठ्या कंपनीत तपासणी विभागाच्या प्रमुखपदासाठी त्याच्या मुलाखती झाल्या. शेवटच्या फेरीत पाच जणांनी त्याला घाम फोडला. बाहेर सोडायला आलेला भरती अधिकारी म्हणाला, "सर, तुम्ही तर आतलेच झालात! सोमवारी कळवतो."

सोमवार आला नि गेला. त्यानंतरचेही गेले. दादाने आभाराचा मेल पाठवला, मग चौकशीचा, मग आठवणीचा. उत्तर नाही. वहिनीने त्या माणसाचं नाव गोडबोल्या ठेवलं.

दरम्यान गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्याने दादाला पाळी तपासणीसाची जागा देऊ केली. एक पायरी खाली, आणि पुन्हा रात्रपाळी. प्रमुखाची नोकरी मिळाली असती तर रात्रपाळी कायमची सुटली असती. दादाला हल्ली रात्री जागणं झेपत नव्हतं. छोट्या कारखान्याला होकार त्या संध्याकाळपर्यंत हवा होता.

दुपारी त्याने मला बोलावलं. "तू साहित्य शिकलास ना? एक मेल बघ जरा. गोडबोल्याला शेवटचा."

मी खूश झालो. माझ्या डोक्यात मजकूर तयारच होता. आपल्या मौनाची साधना थोर आहे, अशी सुरुवात.

"छान आहे," दादा म्हणाला. "पण हा मेल तुझा झाला, माझा नाही."

"तीन मेल गिळले त्याने! जाहिरातीत लिहितात, माणूस आमच्या केंद्रस्थानी. केंद्रस्थानी नेऊन विसरतात वाटतं."

"याच्याकडून लिहून घ्या," वहिनी आतून ओरडली. "नाहीतर तुम्ही त्या मेल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याल!"

दादा हसला. "आमच्याकडे संशयास्पद मालावर 'थांबवला' अशी चिठ्ठी लागते. पण त्यावर तारीख लागते, आणि सोडवणाऱ्याचं नाव. त्याशिवाय माल तसाच पडून राहतो. माझ्यावर कुणी तारीखच घातली नाही. मग मीच सोडवतो."

त्याने लिहिलं:

'नमस्कार. शेवटच्या फेरीनंतर काही कळलं नाही, तेव्हा जागा भरली असं समजून मी पुढचा निर्णय घेतो आहे. त्या दिवशी सगळ्यांनी मन लावून ऐकलं, प्रश्नही चांगले विचारले. त्याबद्दल आभार. निवडलेल्या व्यक्तीला आणि तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा. पुढे कधी योग आला तर बोलायला आवडेल.'

टोमणा कुठे लपलाय का, म्हणून मी दोनदा वाचलं. नव्हता.

मेल गेला. वहिनीने चहा गाळेपर्यंत फोन वाजला. गोडबोल्या! इतके दिवस ज्याला बोटं नव्हती, त्याला एकदम वाचा फुटली. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, असं काय करता? जागा भरलेली नाही! तुम्ही आमच्या अगदी आवडीचे आहात. फक्त थोडं थांबा."

"कशासाठी?"

"वरून मंजुरी यायचीय."

"दुसऱ्या कुणाला नेमणुकीचं पत्र दिलंय का?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग, "सर, प्रक्रियेतलं असं सांगता येत नाही."

"म्हणजे ते नाही म्हणाले, तर मी."

"सर, तुम्ही किती समजूतदार आहात!"

वहिनीने कप आदळला. "समजूतदार म्हणे! राखीव ठेवलाय नुसता, जास्तीच्या खुर्चीसारखा."

दादा शांतपणे म्हणाला, "मग मी जागा भरली असंच समजतो. तुमचा आवाज बसलाय, काळजी घ्या."

मी थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने थट्टा केली नव्हती. त्याला खरंच तो आवाज बसलेला वाटला होता. फोन ठेवून त्याने लगेच छोट्या कारखान्याला होकार कळवला. दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचं ठरलं. वहिनी आत गेली. रात्रपाळीचा डबा कोणता, ते शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या कंपनीचा मेल आला. उमेदवाराची फाइल बंद केली की आपोआप जाणारा. आमच्यासोबतचा तुमचा अनुभव कसा होता? लाजेलाही तिथे नोकरी मिळाली नसावी.

दादा चष्मा लावून बसला. मुलाखतीची खोली स्वच्छ होती का? पाच तारे. प्रश्न कामाशी संबंधित होते का? पाच तारे. पुढचा प्रश्न होता, निर्णय वेळेत कळवला का? हो किंवा नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"नाही लिहा!" वहिनी म्हणाली. "दोनदा लिहा!"

"गोडबोल्याच्या पगारवाढीवर येईल गं."

"येऊ दे!"

"पण हो कसं लिहू? हो नाहीये."

त्याने चष्मा पुसला, प्रश्न पुन्हा वाचला. मग पाळीची वेळ झाली म्हणून उठला. ते पान अजून त्याच्या संगणकावर उघडंच आहे.