एकसारखी दिसणारी दोन पानं

दोन अभिलेख कचेऱ्या एक करायचा हुकूम आला, तेव्हा मी ग्वाल्हेरला संगणक ऑपरेटर होतो. संस्थानी काळातली रजिस्टरं दोन्ही कचेऱ्यांनी आपापली स्कॅन केली होती आणि कागद जीर्ण म्हणून केव्हाच निकालात निघाले होते. आता दोन्हींचे फोल्डर एकाच डिस्कवर आले आणि डिस्क भरली. साहेब म्हणाले, "डुप्लिकेट हटाओ. कलपर्यंत."

दुसऱ्या कचेरीतून आलेल्या ताई माझ्यासमोरच बसायच्या. त्या म्हणाल्या, "नावावर नि चेहऱ्यावर जाऊ नको. आधी सारख्या आकाराच्या फाइली निवड, मग त्यांचे चेकसम काढू." पुढे त्यांनी मला शिकवणी दिली. प्रोग्राम फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि तिच्यातून अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ काढतो. फाइलीत एक ठिपका जरी बदलला तरी ओळ पार वेगळी येते. दोन ओळी तंतोतंत जुळल्या तरच खरी प्रत. अशा प्रतीही लगेच पुसायच्या नाहीत, महिनाभर वेगळ्या फोल्डरात ठेवायच्या. "दोन-तीन दिन लगेंगे, पण झोप नीट लागेल," त्या म्हणाल्या.

मला त्या बाईंचा राग आला. दहा वर्षं मी हेच काम करत होतो. नावं तीच, पान क्रमांक तेच, छोट्या चित्रांत पानं हुबेहूब. एवढं दिसत असताना फाइल अथपासून इतिपर्यंत वाचायची कशाला? मी दुसऱ्या कचेरीच्या फाइली निवडल्या, पुसल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. साहेबांनी पाठ थोपटली. जुन्या डिस्क पुसून दुसऱ्या कामाला गेल्या.

पंधरवड्याने शिंदे की छावणीतले एक काका आले. त्यांचे वडील संस्थानच्या फौजेत होते. फौज विलीन झाली, वडील वारले आणि छावणीतली खोली आईच्या नावे झाली. आता ती खाली करायची नोटीस आली होती. ते म्हणाले, "बेटा, क्वार्टरांच्या यादीत समासात आईचं नाव लिहिलेलं आहे. लहानपणी तिने मला दाखवलं होतं. तेवढ्या पानाची नक्कल दे, सोमवारी सुनवाई है."

मी पान उघडलं. वडिलांचं नाव होतं, समास कोरा होता.

ताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. संस्थानात अशी यादी दोन प्रतींत ठेवायची रीत होती, एक फौजेच्या दफ्तरात आणि एक महसुलाच्या. विलीनीकरणानंतर फौजेचं दफ्तरच उरलं नाही, म्हणून पुढचे फेरफार कारकुनांनी फक्त महसुलाच्या प्रतीच्या समासात केले. आमच्या कचेरीकडे फौजेची प्रत होती. महसुलाची ताईंच्या कचेरीकडून आली होती. ती मी पुसली होती.

सुपूर्द करताना त्यांच्या कचेरीने प्रत्येक फाइलीच्या चेकसमची यादी दिली होती. मी ती तोवर उघडलीही नव्हती. ताईंनी आमच्या पानाचा चेकसम काढून यादीतल्या ओळीशेजारी ठेवला. पहिल्याच अक्षरापासून दोन्ही वेगळे. मग त्यांनी पूर्ण यादी लावून पाहिली. कचेऱ्यांनी पूर्वी एकमेकींकडून कॉपी करून घेतलेल्या ज्या फाइलींचे चेकसम खरोखर जुळत होते, तेवढ्या काढल्या असत्या तरी डिस्कवर हवी तेवढी जागा झाली असती.

काका आमच्या तोंडाकडे पाहत होते. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. चेकसमच्या ओळींबद्दल त्यांना एकच गोष्ट कळली. "मतलब दुसरं पान वेगळं होतं, हे मशीन सांगतंय? मग हेच लिहून द्या."

"काका, फाइल वेगळी होती एवढंच ही ओळ सांगते," ताई म्हणाल्या. "एकच कागद दोनदा स्कॅन केला तरी ओळ वेगळी येते. आत काय लिहिलं होतं ते या आकड्यांतून परत निघत नाही."

तरी मी चूक कबूल करून सगळं लिहिलं आणि साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि छापील मसुदा पुढे केला: उपलब्ध अभिलेखात नोंद आढळत नाही. मी सही केली. का केली, याचं उत्तर मी अजूनही स्वतःला धड देत नाही. नोकरीची भीती होती, एवढं मात्र खरं.

सोमवारी सुनावणीत तोच कागद वाचला गेला. काकांची खोली गेली.

सामान हलवायच्या दिवशी मी छावणीत गेलो होतो. ते ट्रंकेवर बसले होते. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "तू पुसण्याआधी ते पान उघडून पाहिलं होतंस का रे? आईचं नाव दिसलं होतं?"

मी पाहिलं नव्हतं.