रिटर्नवाले काका आणि राहिलेला फॉर्म

वसाहतीत त्यांना सगळे रिटर्नवाले काका म्हणायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघे दाखवत दवाखाने फिरतात. काकांनी लोकांची आयकर विवरणपत्रं भरायला घेतली. फुकट. चहासुद्धा त्यांच्याच घरचा. जून-जुलैत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसायची आणि काकू ताटं मांडीवर घेऊन बसायच्या. "अहो, कोणी नारळसुद्धा देत नाही," काकू म्हणायच्या. काका नुसते हसायचे. त्यांना मान हवा होता आणि तो भरपूर मिळत होता.

लोकांची सोय म्हणून पोर्टलवर सगळ्यांच्या नावापुढे ते स्वतःचाच ई-मेल घालत. "तुम्हाला कशाला कटकट? काही आलं तर मी बघतो की."

त्यांची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, सरकारी रुग्णालयात वॉर्डची सिस्टर होती. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. या बाईने ड्यूट्या करून मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं आणि कधी कोणापुढे हात पसरला नाही. त्या वर्षी रुग्णालयातल्या सिस्टरांची वेतननिश्चिती एकदाची दुरुस्त झाली आणि मागच्या चार वर्षांच्या पगारातला फरक एकदम हातात पडला. आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. सगळी रक्कम एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरली गेली, उत्पन्न वरच्या स्लॅबमध्ये गेलं आणि कार्यालयाने तीस टक्क्यांच्या हिशेबाने कर कापला.

"भावजी, हा कुठला न्याय?" वहिनी म्हणाल्या. "पैसे त्यांनी उशिरा दिले आणि दंड मला?"

"दंड नाही वहिनी, आणि तो परत मिळतो." काका खुर्चीत सरसावून बसले. "थकबाकीमुळे या वर्षी तुमचा कर किती वाढला ते काढायचं. मग तोच पैसा ज्या त्या वर्षी मिळाला असता तर त्या वर्षांचा कर किती वाढला असता, ते प्रत्येक वर्षाचं काढून बेरीज करायची. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जितका जास्त, तितकी सूट. तुमचं चाळीस हजारांच्या वर निघेल."

वहिनींनी त्याच दिवशी मनात कपडे धुण्याचं यंत्र घेऊन टाकलं. कंबर गेली होती त्यांची.

काकांनी चारही वर्षांचे जुने दर काढून हिशेब केला. हिशेब बिनचूक होता. वहिनींच्याच वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरचंही तसंच प्रकरण होतं, तेही त्यांनी करून दिलं. विवरणपत्रात करसवलतीचा आकडा टाकला तेव्हा पडद्यावर एक सूचना आली, की ही सूट हवी असेल तर आधी १०ई हा फॉर्म ऑनलाइन भरलेला असावा. काकांनी ती वाचली. हा फॉर्म कार्यालयात द्यायचा असतो, कार्यालयाने कर कापूनही टाकलाय, आता त्याचं काय, असं म्हणून त्यांनी पुढे जाण्याचं बटण दाबलं. दोन्ही वेळा.

सप्टेंबरात त्यांच्या ई-मेलवर दोन पत्रं आली. हिशेबावर कोणाचाच आक्षेप नव्हता. फॉर्म भरलेला नाही, म्हणून सूट नाकारली होती. परतावा शून्य.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. चूक झाली याचं इतकं नव्हतं. सूचना दिसली होती आणि आपण ती हाताने बाजूला सारली होती, हे त्यांना कोणालाच सांगता येईना. काकूंनासुद्धा नाही. जेवताना ते ताटाकडे बघत राहायचे. "पोट बरं नाही का?" काकू विचारायच्या. "तसंच काहीतरी," ते म्हणायचे.

वहिनींचा फोन आला, "भावजी, आलं का हो काही?" तेव्हा ते म्हणून गेले, "येईल या आठवड्यात." मग त्यांनी स्वतःची ठेव मोडली आणि बँकेत जाऊन वहिनींच्या खात्यात रोख भरली. फोन करून सांगितलं, "आला बघा परतावा."

त्यांना वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण वहिनी नुसत्या साध्या नव्हत्या, कृतज्ञही होत्या, आणि ते जास्त महागात पडलं. यंत्र घरी आल्यावर त्यांनी वॉर्डभर दिरांची तारीफ केली. रविवारी त्या स्वतः घरी आल्या आणि सोबत धाकट्या सिस्टरला घेऊन आल्या.

"काका," ती संकोचत म्हणाली, "आमचं दोघींचं एकदमच भरलं होतं ना तुम्ही? ताईंचा आला, माझा अजून नाही. माझ्या कागदात काही राहिलं का? चूक माझीच असणार."

चूक माझीच असणार, हे ऐकलं आणि काकांना तिथे बसवेना. पण उठून तरी कुठे जाणार, घर त्यांचंच होतं. दुसरी ठेव मोडावी असाही विचार क्षणभर मनात येऊन गेला, आणि त्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "वहिनींचाही आलेला नाही. ते पैसे माझे होते."

त्यांनी सगळं सांगितलं. सूचना, बटण, पत्रं. काकू स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभ्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "वॉर्डात औषध चुकलं तर आम्ही आधी डॉक्टरला सांगतो भावजी. लपवलं तर पेशंट जातो. तुम्ही मला पैसे दिलेत, पण ही बिचारी महिनाभर स्वतःला दोष देत होती, त्याचं काय?"



दुसऱ्या दिवशी ते बाजारातल्या सीए बाईंच्या कार्यालयात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा ठिकाणी बाकावर नंबर लावून बसले. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पत्रं वाचली आणि म्हणाल्या, "हिशेब सुरेख आहे तुमचा. डिसेंबरअखेर सुधारित विवरणपत्र भरता येतं, म्हणजे वेळ आहे. आधी दोघींचे फॉर्म भरू, मग सुधारित विवरणपत्रं. क्रम उलटा करायचा नाही." शेवटी त्यांनी सहज विचारलं, "सूचना आली नव्हती का भरताना?"

"आली होती," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंची फी त्यांनी स्वतः दिली. जानेवारी संपता संपता दोन्ही परतावे जिच्या तिच्या खात्यात आले. धाकट्या सिस्टरने फोनवर "मिळाले, काका" एवढंच सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. वहिनी काकांची रक्कम घेऊन घरी आल्या. नोटा टेबलावर ठेवल्या, चहा घेतला, मुलीच्या गोष्टी सांगितल्या. झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "सोडलं हो त्यांनी. आता तुम्हीही सोडा."

काका ‘हो’ म्हणाले. मग कप विसळायला म्हणून मोरीपाशी गेले आणि नळ सुरू ठेवून, कप धुऊन झाल्यावरही, तिथेच उभे राहिले.