मामाच्या पांढऱ्या शर्टावरचा गंज

आमच्या घरात सिद्धांतांची कमतरता कधीच नव्हती. वडील पोलाद कारखान्यात क्लार्क आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. इतर मुलं 'कमळ' आणि 'गवत' वाचत होती, तेव्हा मला 'निषेध' लिहिता येत होतं. मोठी झाल्यावर मी स्वतःची पत्रकं काढू लागले, आणि त्यातलं एक होतं कपडे धुण्याबद्दल. आपला मळ दुसऱ्याच्या हातांनी काढून घेणं हे शोषण आहे, असा त्याचा मथितार्थ. दोनशे प्रती काढल्या, सेक्टरभर वाटल्या आणि आमच्या घरचे कपडे धोबिणीकडे जाणं त्याच दिवशी बंद केलं. आईने ते पत्रक वाचून विचारलं होतं, "म्हणजे आता चादरी तू धुणार?" मी हो म्हटलं. पत्रकात मागे हटण्याची सोय नसते.

वडिलांचा सिद्धांत आणखी जुना. आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात कपडे वाळवायला प्लास्टिकची दोरी त्यांनी कधी लावू दिली नाही. भिलाईत राहून प्लास्टिक? हथखोजला तारा ओढण्याच्या एका छोट्या कारखान्यात त्यांचा मित्र होता. त्याने दिलेली काळी लोखंडी तार त्यांनी पेरूच्या झाडापासून संडासाच्या भिंतीपर्यंत ताणून बांधली होती. तिच्यावर जस्ताचा मुलामा नव्हता. रंगीत कपड्यांवर त्या तारेने काय केलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पांढरे कपडे आम्ही फारसे घालत नव्हतो.

मामा घालत होता. तो रेल्वेत गार्ड, दुर्गच्या रेल्वे कॉलनीत एकटाच राहायचा. खात्याने त्याच्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण मामाने ते कधी तोंडातून काढलं नाही. बाकीचे गार्ड टेरिकॉटचे शर्ट घालत. मामाला त्यात घाम यायचा, म्हणून तो शुद्ध सुती कापड आणून शिवून घ्यायचा. असे शर्ट त्याच्याकडे दोन होते. एकाची कॉलर झिजली होती. दुसरा त्याने शेवटच्या ड्युटीसाठी राखून ठेवला होता. चार दिवसांनी तो दुर्गहून गोंदियाची पॅसेंजर घेऊन जाणार होता आणि तिथे उतरला की रिटायर. शर्ट कपाटात पिवळसर पडला होता, म्हणून तो धोबिणीकडे देण्यासाठी आमच्याकडे घेऊन आला.

मी मधे पडले. मामाचा शर्ट मी धुणार, असं जाहीर केलं.

मामाने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे पाहिलं. "धुवून राहिली तर धुऊ दे," वडील म्हणाले, आणि माझा अभिमान वाटल्यासारखं त्यांनी मान हलवली.

शर्ट धुतला चांगलाच. निळीच्या पाण्यातून काढला, पिळला, मधोमध घडी पडेल असा तारेवर टाकला आणि एका बैठकीला निघून गेले. थंडीचे दिवस. रात्रीच्या दवाने तो ओलाच राहिला. सकाळी उचलला तर छातीवर आणि पाठीवर, बगलेच्या खाली, चहाच्या रंगाची एकेक सरळ रेघ. जणू कुणी पट्टी लावून ओढली होती.

आता कबूल करते. मी कुणालाच उठवलं नाही. बाथरूममध्ये ब्लीचची बाटली होती. पांढऱ्यावरचा डाग म्हणजे ब्लीच, एवढं माझं रसायनशास्त्र. पाठीच्या रेघेवर मी ते तसंच, पाणी न घालता ओतलं आणि चहा प्यायला बसले. अर्ध्या तासाने पाहिलं, तर रेघ जाण्याऐवजी आणखी गडद नारिंगी झालेली. ब्लीच गंज काढत नाही, उलट पक्का करतं. आणि लोखंड असलेल्या जागी ते सुताचं जास्तच वाटोळं करतं. पण हे मला नंतर कळलं, आणि सांगणारी बाई वेगळीच होती.

आई उठली. तिने शर्ट पाहिला, बाटली पाहिली, मला पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "छातीवर पण टाकलं काय?"

"नाही. फक्त पाठीवर."

"मग अर्धा मामा वाचला."

तिने आधी शर्ट तीन-चार वेळा साध्या पाण्यातून काढून ब्लीचचा वास पूर्ण घालवला. ब्लीच कपड्यात असताना आंबट काही लावायचं नाही, विषारी वायू सुटतो. वडिलांनी बाटलीवरची सूचना अंगणात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली, सभेत वाचावी तशी, शेवटच्या 'लहान मुलांपासून दूर ठेवा'पर्यंत, आणि हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून वाचलं. मग आईने छातीच्या रेघेवर मीठ पसरलं, त्यावर लिंबू पिळलं आणि शर्ट उन्हात ताटावर ठेवला. तारेवर नाही. लिंबू वाळायला लागलं की ती पुन्हा थोडं पिळायची. तासाभराने धुतलं तर रेघ फिकट. दुसऱ्या खेपेला नुसती सावली. तिसऱ्या खेपेनंतर मला ती शोधावी लागली आणि सापडली नाही. मी इतकी खूश झाले, की मीठ-लिंबावर एक पत्रक काढायचा विचार मनात येऊन गेला.

पाठीची रेघ मात्र लिंबाला दाद देईना. सहा लिंबं गेली. वडिलांनी विचारलं की भाजीत काय पिळायचं.

आई म्हणाली, "आता तिच्याकडेच जा."

तिच्याकडे म्हणजे धोबिणीकडे. सेक्टरच्या मार्केटमागे कडुनिंबाखाली तिची इस्त्रीची गाडी. सहा महिन्यांपूर्वी मी तिथेच उभी राहून तिला तिच्या शोषणाबद्दल समजावलं होतं, आणि त्याच आठवड्यात तिचं एक घर, आमचं, कमी केलं होतं. मी शर्ट घेऊन पोचले तेव्हा ती कुणाच्या तरी साडीला इस्त्री करत होती. इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घडीत ती कागद घालायची. मी नीट पाहिलं. कागद माझेच होते. माझ्या पत्रकावर कुणाची तरी पँट झोपली होती.

"कागज बढ़िया हे बेटी," ती म्हणाली. "कपड़ा ले चिपकय नइ. अउ हे का?" कपड्याला चिकटत नाही, आणखी आहेत का, असं विचारत होती.

मी म्हटलं, ते वाचायला होतं. ती म्हणाली, वाचलं ना, मुलीने वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की मी दुःखी आहे. मला विचारलं होतंस का? मग तिने हात पुढे केला आणि मी शर्ट दिला. तिने पाठ उन्हाकडे धरली. रेघेच्या दोन्ही बाजूंनी कापड विरळ झालं होतं, ऊन गाळणीतून यावं तसं आरपार येत होतं. तिने वास घेतला आणि विचारलं, "ब्लीच?" मी मान हलवली. ब्लीचने गंज जात नाही, सूत जातं, असं तिने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. पुढे म्हणाली:

"दाग तो निकल जाही. कपड़ा के गारंटी नइ हे."

मी मामाला फोन लावला. त्याला सगळं सांगावं लागलं, ब्लीचसकट. तो म्हणाला, "पोरी, मले डाग असलेला शर्ट घालून जायचं नाही. तीस वर्षं मी त्या गाडीवर पांढराच उभा राहिलो. फाटला तर फाटला, पण पांढरा पाहिजे."

धोबिणीकडे एका डब्यात पांढरी पावडर होती, ऑक्झॅलिक, गंज काढणारं आम्ल. डब्याला लाल चिंधी बांधलेली, डबा मुलांच्या हाताला लागू नये म्हणून उंचावर टांगलेला. पावडर ती मला घरी द्यायला तयार नव्हती. विष आहे, पोटात गेलं तर माणूस जातो, म्हणाली, आणि तुझ्या हाताला तर मी मीठसुद्धा देणार नाही. रबरी हातमोजे घालून तिने प्लास्टिकच्या मगात कोमट पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवली. लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. आधी शर्टाच्या आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून बघितला. मग जुन्या टूथब्रशने फक्त रेघेवर लावलं. काही मिनिटांत नारिंगी पिवळं झालं, पिवळं नाहीसं झालं. मी टाळी वाजवणार होते. तिने डोळे वटारले.

खरं काम पुढे होतं. पाण्यावर पाणी, पाच वेळा, मग थोडा धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, मग पुन्हा साधं. आंबट कपड्यात राहिलं आणि त्यावर गरम इस्त्री फिरली, की तिथल्या सुताचा जळून भुगा होतो. ते पाणी मी ओतलं, बादल्या मी उचलल्या, आणि या वेळेस मी भाषण केलं नाही. शर्ट वाळल्यावर तिने शर्टाच्या आत खोचल्या जाणाऱ्या खालच्या भागातून एक पट्टी कापली आणि विरळ जागेला आतून शिवली. इस्त्री कोमटच. शर्ट देताना एकच सूचना केली: साहेबांना सांग, हात वर करू नका.

ही सूचना गार्डला देणं म्हणजे गवयाला तोंड उघडू नको म्हणण्यासारखं. हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. आदल्या संध्याकाळी मामाने आमच्या अंगणात रंगीत तालीम केली. झेंडी म्हणून आईचा हिरवा रुमाल. कोपर अंगाला चिकटवून, फक्त मनगटाने. वडील म्हणाले, "हा सिग्नल आहे का माशी हाकलून राहिला?" मामा पुन्हा पुन्हा करत राहिला. मला हसू येत होतं आणि हसायचा अधिकार मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दुर्ग स्टेशनवर. मामा शेवटच्या डब्याच्या दारात उभा, इतका पांढरा की मागचा लाल डबा मळका दिसत होता. रेल्वे कॉलनीतले लोक आले होते, कुणी हार घातला. मामाने शिट्टी वाजवली. झेंडी बाहेर काढली. मनगटानेच सुरुवात केली, तशी तालीम झाली होती. पण इंजिन लांब होतं आणि पुढून ड्रायव्हरची उत्तराची शिट्टी येईना. मामाने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि हात पूर्ण वर केला, खांद्यापासून, तीस वर्षं करत होता तसा.

चर्र आवाज मलाच ऐकू आला असं मला वाटलं. आईनेही ऐकला होता, कारण तिने माझं मनगट घट्ट धरलं. ठिगळ जागेवर होतं. त्याच्या शेजारचं कापड फाटलं होतं, हे मामाने नंतर सांगितलं.

मामाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. लोक खालून हात जोडत होते, तो हसून मान डोलवत होता. पाठ डब्याच्या आत, छाती प्लॅटफॉर्मकडे, आणि छातीवर एक डाग नाही. गाडी सुटली.

संध्याकाळी गोंदियाहून त्याचा फोन आला. प्रत्येक स्टेशनवर तो समोर तोंड करूनच उतरला आणि पाठ न फिरवता मागे पावलं टाकत चढला. गोंदियाला निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा स्टेजवरूनही उलटाच खाली उतरला. एका साहेबाने भाषणात सांगितलं, की इतका अदबशीर माणूस त्याने रेल्वेत पाहिला नाही, लोकांकडे पाठसुद्धा फिरवत नाही.

"मग तू काय म्हटलंस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? नमस्कार केला," मामा म्हणाला. "हात खालीच ठेवून."