बांधू नोका

दादा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेल्या वेळात पॉडकास्ट करतो. मंगरूळपीरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या टांगून त्यानं आवाज घुमणं थांबवलं, दोन माईक आणि एक कॅमेरा आणला, आणि जिल्ह्यातल्या माणसांना बोलावून बोलतं करायला सुरुवात केली. बोलणं-रेकॉर्डिंग त्याचं, लिहिणं माझं. मी आधी एका सेतू केंद्रात टायपिंग करायची, म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

काम असं की, तासाभराच्या बोलण्यात नेमकी हवी ती गोष्ट कोणाला सापडत नाही. कोणी मोबाईलवर शोधतं ते शब्दांनी. म्हणून प्रत्येक भागाची आमच्या संकेतस्थळावर एक पोस्ट टाकायची. वर चार ओळींत भाग कशाबद्दल आहे ते, मग कोणता मुद्दा कितव्या मिनिटाला आहे ते, मग महत्त्वाचे मुद्दे, आणि खाली सगळं बोलणं शब्दरूपात. मी लोक खरंच कसं शोधतात ते डोक्यात ठेवून लिहायची. 'सर्पदंश' असं शीर्षकात आलं तर 'साप चावला तर काय करावं' हेही पोस्टमध्ये असायलाच हवं, कारण घाबरलेला माणूस सर्पदंश असं टाईप करत नाही.

सर्पदंशाचा भाग आम्ही सोयाबीन सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, तोंडावर केला. बोलायला मेडशीच्या निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. आयुष्यभर आरोग्य केंद्रात काढलेल्या, सगळा परिसर त्यांना सिस्टर म्हणतो, आम्हीही. बोलल्या अस्सल वऱ्हाडीत. "ब्लेड लावू नोका, तोंडानं रक्त चोखू नोका, मांत्रिकाकडं नेऊ नोका." हातवारे करत सांगत होत्या. मध्येच रस्त्यावरून एसटी हॉर्न वाजवत गेली, तेव्हा वाक्य अर्धं सोडून थांबल्या आणि ती गेल्यावर पुढं बोलल्या.

मी आवाजाची फाईल शब्द लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली. त्याला पुस्तकी मराठी बरी कळते, वऱ्हाडी नाही. 'करून राह्यलो' चं ते काहीही करतं. मग तो कच्चा मजकूर दुसऱ्या एका एआयच्या साधनात टाकायचा. ते 'हं', 'म्हणजे', 'बरं का' काढून टाकतं, दोनदा आलेला शब्द एकदा करतं, परिच्छेद पाडतं, कोण बोललं ते लिहितं, आणि त्याच मजकुरातून महत्त्वाचे मुद्देही काढून देतं. त्यानंतर मी कानाला हेडफोन लावून मूळ आवाजाशी ओळ न ओळ ताडून पाहायची. त्या दिवशी निम्मं ताडून झालं होतं आणि मला आईला घेऊन दवाखान्यात जावं लागलं. मजकूर मसुदा म्हणून साईटवर ठेवून मी निघाले. फाईलला नाव 'स्वच्छ प्रत' असं होतं. दादानं ते नाव पाहिलं, झालं असेल असं समजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना पोस्ट प्रसिद्ध करून टाकली. शेतात लोक उतरले होते, उशीर कशाला, असं त्याला वाटलं.

दुपारी मला सिस्टरचा फोन आला.

"पोरी, म्या असं कवा म्हटलं व?"

"काय झालं, सिस्टर?"

"माझ्यासंगं नोकरी केलेल्या एका बाईनं मोबाईलवर वाचून दाखवलं मले. साप चावल्यावर वरच्या बाजूनं दोरी घट्ट बांधावी, असं म्या सांगतलं म्हणते! ते हासून राह्यली मले. माह्यावर हासली तं हासू दे, पण कोणी तसं केलं म्हंजे?"

मी पोस्ट उघडली. महत्त्वाच्या मुद्द्यांत पहिलाच मुद्दा होता, 'चावलेल्या जागेच्या वर दोरी घट्ट बांधावी.' त्याखाली ठळक अक्षरांत सिस्टरचं पद. मूळ आवाज काढून ती जागा ऐकली. सिस्टर म्हणतात, "वरून दोरी घट्ट बांधू," मग एसटीचा हॉर्न, मग "नोका." हॉर्नमुळे वाक्याचे दोन तुकडे झाले होते. कच्च्या मजकुरात पहिली ओळ 'वरून दोरी घट्ट बांधू' आणि दुसऱ्या ओळीत एकटाच शब्द, 'नौका'. बाकी ठिकाणी सफाई करणाऱ्या साधनानं 'लावू नौका', 'चोखू नौका' चं बरोबर 'नका' केलं होतं. इथं मात्र त्याला एकटी नौका दिसली, तिचा काही अर्थ लागेना, म्हणून ती कचरा समजून काढून टाकली आणि उरलेल्या वाक्याला व्यवस्थित रूप दिलं.

मी गुगलवर 'साप चावला तर काय करावं' टाकून पाहिलं. आमची पोस्ट नुकतीच आली होती तरी निकालांत दिसत होती, आणि तिच्या खाली दाखवलेली ओळ तीच, दोरी घट्ट बांधावी. ज्या कामाचा मला अभिमान वाटायचा ते इतकं नीट झालं होतं की चूक सगळ्यांत वर येऊन बसली होती.

पोस्ट मला दुरुस्त करता येत नव्हती. माझ्या खात्यातून मसुदा लिहिता यायचा. एकदा प्रसिद्ध झालेलं बदलायचा अधिकार फक्त दादाकडे. सिस्टरना थांबायला सांगून त्याला फोन लावला, तो बंद, तास चालू होता. मी चप्पल घालतच पुन्हा एकदा पोस्ट पाहिली आणि खाली एक नवी प्रतिक्रिया दिसली. 'धन्यवाद. आमच्या वडिलांना आत्ता शेतात चावला. दोरी बांधली आहे. धनजहून निघतो आहे.'

नंबर नाही, नाव म्हणून नुसतं एक टोपणनाव. फोनवर सिस्टर अजून होत्या. मी त्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मी लगेच लिहिते, दोरी सोडा म्हणून."

"नाही! सोडायले सांगू नोको!" त्या ओरडल्याच. "एकदा बांधली असंन तं वाटेत भसकन सोडली तं अडकलेलं जहर एकदम आंगात चढते. ते डॉक्टरपुढंच सुटली पाह्यजे. लिव तू, दुसरी दोरी बांधू नका. पाय हलवू नका, चालवू नका. हातातलं-पायातलं कडं, अंगठी काढून टाका. दुसरीकडं कुठंच न थांबता कारंजाच्या सरकारी दवाखान्यात या, आन् आल्या आल्या डॉक्टरले सांगा का दोरी बांधली हाये म्हणून. म्या तिथं फोन करून राह्यली."

मी त्या प्रतिक्रियेच्या खाली तसंच लिहिलं. पाठवण्याआधी त्यातलं प्रत्येक 'नका' वाचून पाहिलं. मग स्कुटी काढली.

कॉलेजच्या वर्गाच्या दारात मी उभी राहिले तेव्हा दादा फळ्यावर काहीतरी लिहीत होता. माझा चेहरा पाहून खडू हातात घेऊनच बाहेर आला. मी मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, परत वाचलं.

"मले वाटलं तू ताडून पाह्यलं," तो एवढंच बोलला.

"निम्मं पाह्यलं होतं. आता ते राहू दे. लॉगिन कर."

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्याचा पहिला विचार होता पोस्टच उडवून टाकायची. मी नाही म्हटलं. ज्यानं लिंक आधीच दुसऱ्याला पाठवली असेल, तो परत उघडेल तर त्याला कोरं पान दिसेल, आणि वाचलेलं तसंच डोक्यात राहील. पत्ता तोच ठेवून मजकूर बदलायचा, आणि सगळ्यांत वर ठळक सूचना टाकायची की आधी इथं चुकीचं छापलं गेलं होतं, दोरी बांधू नका. दादानं मान डोलावली. मी सांगत गेले, तो बदलत गेला. महत्त्वाचे मुद्दे, शब्दरूप, वरचा सारांश. मग लक्षात आलं, व्हिडिओखालची अक्षरंही त्याच मजकुरातून चढवलेली. तीही काढली. शेवटी गुगलला पान पुन्हा वाचायची विनंती पाठवली. ती पाठवून लगेच काही होत नाही, निकालातली जुनी ओळ काही काळ तशीच दिसत राहते, हे मला माहीत होतं. दादाला नव्हतं. तो सारखा तेच शोधून पाहत होता आणि सारखी तीच ओळ येत होती.

"हे काहून जाऊन नाही राह्यलं?"

"जाईल. आपल्या हातात नाही ते."

वर्गातली मुलं दारातून डोकावत होती. दादानं त्यांना सोडून दिलं. आम्ही दोघं बाकावर बसून सिस्टरच्या फोनची वाट पाहत राहिलो. मी मनात धनज ते कारंजा रस्ता पुढं-मागं करत होते, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलेला म्हातारा माणूस, पाय लोंबकळणारा. मला त्याचा चेहरा माहीत नव्हता, पण पाय दिसत होता.

फोन आला तेव्हा दादानं तो स्पीकरवर टाकला.

"आले," सिस्टर म्हणाल्या. "पोचले. पायावर सूज हाये, दाताच्या दोन खुणा स्पष्ट दिसतेत म्हणे. डॉक्टरनं दोरी सोडली, सलाईन लावलं, इंजेक्शन चालू केलं. आता पाहू."

संध्याकाळी आम्ही दोघं दादाच्या गाडीवर कारंजाला गेलो. वॉर्डाबाहेर त्या म्हाताऱ्यांचा मुलगा उभा होता. माझ्याच वयाचा असेल, पँट गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली. दादानं आपण कोण ते सांगितलं, चूक कशी झाली तेही सांगितलं, आणि हात जोडले. मी मागं उभी होते. तो चिडेल, हात उगारेल, असं मला वाटत होतं.

"दोरी तं आमी पयलेच बांधली होती," तो म्हणाला. "आमच्याकडं सगळे बांधतेत. मंग मोबाईलवर पाह्यलं तं तुमचंही तेच लिहिलेलं. मले वाटलं, बरोबर केलं आपण." त्यानं वॉर्डाच्या दाराकडं पाहिलं. "तुमचं दुसरं उत्तर आलं ना, दुसरी बांधू नका, ते वाचलं तवा माहा चुलता वर अजून एक आवळून राह्यला होता. म्या त्याचा हात धरला."

त्याचे वडील काही दिवसांनी घरी गेले. पाय बरेच दिवस सुजलेला होता, असं सिस्टर म्हणाल्या, त्या त्यांना भेटून आल्या होत्या.

त्यानंतर दादानं मलाही प्रसिद्ध करायचे आणि बदलायचे अधिकार दिले. आता पूर्ण ताडून झाल्याशिवाय मी मसुदा साईटवर चढवतच नाही. कच्च्या मजकुरात 'नौका', 'नाका', 'लोका' असं काहीही आलं की तिथं थांबते आणि आवाज ऐकते. सिस्टरच्या भागाचं शब्दरूप मी पुन्हा लिहून काढलं, या वेळी त्यांच्याच बोलीत, 'नोका' ला 'नोका' च ठेवून. शोधणाऱ्यासाठी पुस्तकी मराठी मुद्द्यांत आहेच. सगळं लिहून झाल्यावर त्यांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन जागी अडवलं. एका जागी म्हणाल्या, "इथं म्या रागानं बोलली होती, तू लयच गोड केलं."

मी ती ओळ बदलून रागीट केली आणि पुढं वाचू लागले.